पगार वाढवून मागणारा मेल

नव्या नोकरीचं ऑफर लेटर हातात पडतं, तेव्हा बहुतेकांची नजर पहिल्यांदा एकाच आकड्यावर जाते. तो वर्षाचा आकडा असतो आणि त्याला ‘सीटीसी’ म्हणतात. पगाराबद्दल बोलायचं की नाही, बोललं तर किती मागायचं, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरवलं जातं. इथेच घोळ होतो, कारण महिन्याच्या अखेरीस खात्यात जमा होणाऱ्या रकमेशी त्या आकड्याचा संबंध बराच लांबचा असतो.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक मुलगी सहा वर्षं प्रोसेस इंजिनीअर आहे. तिचा सध्याचा पगार वर्षाला ९ लाख ६० हजार आहे आणि तो सगळा फिक्स्ड आहे. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा तिच्या हातात सुमारे ६९,७०० रुपये येतात. तिचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. चाकणच्या एका कंपनीत दोन मुलाखती झाल्यावर गुरुवारी, ५ मार्चला, तिला ऑफर लेटर आलं. सीटीसी १२ लाख, ४ मेला रुजू व्हायचं आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा.

९ लाख ६० हजारांवरून १२ लाख म्हणजे २५ टक्के वाढ. घरचे म्हणाले, ‘आता काय मागायचं राहिलंय? सही करून टाक.’

बारा लाखांचे हातात किती?

सही करण्याआधी तिने पत्रासोबतचा पगाराचा तक्ता उलगडून पाहिला. १२ लाखांपैकी १ लाख २० हजार ‘व्हेरिएबल’ होते, म्हणजे वर्षाअखेरीस कंपनीची आणि तिची कामगिरी पाहून मिळणारे. उरलेल्या १० लाख ८० हजारांत मूळ पगार, म्हणजे बेसिक, ५ लाख ४० हजार. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ ६४,८०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे २६ हजार. हे दोन्ही सीटीसीत धरलेले असतात, पण दरमहा हातात येत नाहीत. ग्रॅच्युइटी तर ठरावीक वर्षं नोकरी झाल्याशिवाय मिळतच नाही.

एवढं वजा करून महिन्याचा एकूण पगार होतो साधारण ८२,४००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ५,४०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला की हातात येतात सुमारे ७६,८००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणून ती कपात तिच्या बाबतीत धरलेली नाही.

कागदावर २५ टक्के वाढ, पण हातात महिन्याला सात हजारांची. म्हणजे जेमतेम दहा टक्के. फरक पडला तो मुख्यतः व्हेरिएबलमुळे. जुन्या नोकरीत ते नव्हतंच, आणि नव्या नोकरीत दर दहा रुपयांतला एक रुपया तिकडे गेला.

ही आकडेमोड झाली आणि तिची मागणी नेमकी झाली. ‘पगार थोडा वाढवा’ ऐवजी आता तिला म्हणता येत होतं, ‘फिक्स्ड भाग १० लाख ८० हजारांवरून ११ लाख ६० हजार करता येईल का?’ असं झालं तर हातात सुमारे ८२,५०० येतात, म्हणजे आजच्यापेक्षा अठरा टक्के जास्त.

पत्रासोबत असा तक्ता नसेल, तर तो मागणं ही पहिली पायरी. त्यासाठी ऑफर आली त्याच दिवशी तीन-चार ओळींचा मेल करावा. आभार मानावेत, पगाराचा तक्ता मागावा, व्हेरिएबल केव्हा आणि कोणत्या निकषांवर मिळतं ते विचारावं आणि आपलं उत्तर कोणत्या दिवशी येईल ते सांगावं. या मेलमध्ये मागणी काहीच करायची नाही. पण समोरच्याला कळतं की माणूस वाचून निर्णय घेणारा आहे. शिवाय विचार करायला दोन-तीन दिवस हक्काने मिळतात.

तुमचा मेल कोण वाचतं?

आता मुख्य मेल. तो लिहिताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. ज्या एचआरला तुम्ही मेल लिहिता, तिच्या हातात पगार वाढवण्याचा अधिकार बहुधा नसतो. ती तुमचा मेल विभागप्रमुखाकडे पाठवते. तिथून तो पगाराचं बजेट सांभाळणाऱ्याकडे जातो. त्या माणसाने तुमची मुलाखत घेतलेली नसते, तुमचा चेहराही पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त तुमच्या चार ओळी असतात.

म्हणून हा मेल आहे तसा पुढे पाठवता येईल असा लिहावा. पद कोणतं, ऑफर कितीची, मागणी कितीची, कारण काय, हे सगळं त्या एकाच मेलमध्ये असलं पाहिजे. ‘फोनवर बोलल्याप्रमाणे बघा’ असं लिहिलं, तर तिसऱ्या माणसाला काहीच कळत नाही. मग तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

कारण कोणतं द्यायचं, हेही यावरूनच ठरतं. पुण्यात घरभाडं जास्त आहे, गृहकर्जाचा हप्ता आहे, आईचं औषधपाणी आहे. ही कारणं खरी असतात, पण बजेट सांभाळणाऱ्याला ती कागदावर मांडता येत नाहीत. उद्या त्याला विचारलं गेलं, ‘हिला जास्त का दिलं?’, तर ‘तिचं भाडं जास्त आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘आपण नवी वेल्डिंग लाइन उभी करतोय आणि हिने अशा दोन लाइन उभ्या केल्यात’ हे उत्तर चालतं. त्याच्या तोंडी द्यायचं वाक्यच आपण लिहून द्यायचं.

कंपन्यांचा पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीतच चालतो, त्यामुळे हा मेलही इंग्रजीत जाईल. पण आधी आपल्या भाषेत लिहून पाहिला, तर कोणतं वाक्य कशासाठी आहे ते नीट कळतं. तिचा मेल साधारण असा होता:

> विषय: प्रोसेस इंजिनीअर पदाची ऑफर – दोन विनंत्या
>
> नमस्कार मॅडम,
>
> ऑफर लेटरबद्दल आणि पगाराचा तक्ता लगेच पाठवल्याबद्दल आभार. चाकणच्या नव्या लाइनवर काम करायची माझी मनापासून इच्छा आहे. ऑफर माझ्या विचाराधीन आहेच. त्याआधी दोन गोष्टी शक्य आहेत का, हे विचारायचं होतं.
>
> पहिली पगाराबद्दल. सध्याच्या १० लाख ८० हजार फिक्स्डऐवजी ११ लाख ६० हजार करता येतील का? व्हेरिएबल आहे तेवढंच राहू द्यावं. माझा आजचा संपूर्ण पगार फिक्स्ड आहे, त्यामुळे दरमहाच्या रकमेतली वाढ दहा टक्क्यांच्या आसपासच होते. गेल्या सहा वर्षांत मी स्पॉट वेल्डिंगच्या दोन लाइन सुरुवातीपासून उभ्या केल्या आणि त्यातल्या एकीवरचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं. मुलाखतीत ज्या कामाबद्दल बोलणं झालं, ते नेमकं हेच आहे.
>
> दुसरी रुजू होण्याच्या तारखेबद्दल. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. सुधारित पत्र १२ मार्चपर्यंत मिळालं, तर १३ मार्चला राजीनामा देता येईल आणि १० जून हा शेवटचा दिवस ठरेल. त्यानुसार सोमवार, १५ जूनला रुजू होता येईल का?
>
> या दोन्ही गोष्टी जमल्या तर मी त्याच दिवशी सही करून पत्र परत पाठवेन. काही अडचण असेल तर फोनवर बोलायला मी आज दुपारी चारनंतर मोकळी आहे.
>
> आपली नम्र,

या मेलमधल्या दोन-तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं. आकडा एकच आहे. ‘साडेअकरा ते बारा’ असं लिहिलं की समोरचा फक्त साडेअकराच वाचतो. दोन्ही मागण्या एकाच मेलमध्ये आहेत. पगाराचं मान्य झाल्यावर तारखेचं काढलं आणि मग तिसरं काही, तर एचआरला तीनदा वर जाऊन परवानगी आणावी लागते. दुसऱ्या खेपेलाच तिची तुमच्या बाजूने बोलायची इच्छा संपते. आणि शेवटी स्पष्ट आश्वासन आहे: हे झालं तर मी सही करते. वर परवानगी मागायला जाणाऱ्याला त्या वाक्याचा फार उपयोग होतो. कष्ट करून पैसे मंजूर करून आणावेत आणि उमेदवाराने तेच पत्र दाखवून तिसरीकडे सौदा करावा, ही त्याची खरी भीती असते.

सध्याचा पगार फुगवून सांगायचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडे शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात आणि पुढे फॉर्म १६ सुद्धा. तफावत दिसली तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. दुसऱ्या कंपनीची ऑफर नसताना ती असल्याचं लिहिणंही तसंच. ‘पत्र पाठवा, बघतो’ असं उत्तर आलं की पुढे बोलायला जागा राहत नाही.

विचारणं वेगळं, नाकारणं वेगळं

पगार मागितला तर ऑफरच काढून घेतील का, ही भीती सगळ्यांना असते. सभ्यपणे विचारलेल्या एका प्रश्नामुळे असं सहसा होत नाही. पण मेलची भाषा कशी हवी, याला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती माहीत असलेली बरी.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार निःसंदिग्ध आणि बिनशर्त असावा लागतो. ‘मला ऑफर मान्य आहे, पण पगार अमुक हवा’ हा स्वीकार ठरत नाही. तो उलट प्रस्ताव ठरतो आणि मूळ प्रस्ताव तिथेच संपतो. १८४० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात हाइड विरुद्ध रेंच हा खटला झाला. रेंचने आपलं शेत १,००० पौंडांना देऊ केलं होतं. हाइडने ९५० देतो म्हणून सांगितलं, रेंचने नकार दिला, आणि मग हाइड म्हणाला, बरं, १,००० ला घेतो. न्यायालयाने सांगितलं की करार झालेलाच नाही, कारण ९५० म्हणताच १,००० चा प्रस्ताव संपला होता.

१८८० मधला स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन हा खटला आपल्या जास्त जवळचा आहे. तिथे लोखंडाचा भाव ठरत होता. घेणाऱ्याने तारेने विचारलं की याच भावात दोन महिन्यांत मिळून माल द्याल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? न्यायालयाने ही नुसती चौकशी मानली. मूळ प्रस्ताव शाबूत राहिला आणि नंतर घेणाऱ्याने दिलेला होकार वैध ठरला.

नोकरीच्या मेलमध्येही फरक हाच आहे. ‘बारा लाखांत मला परवडणार नाही’ हा नकार आहे. ‘करता येतील का?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्न विचारून ऑफर संपत नाही. वरच्या मेलमध्ये दोन्ही मागण्या प्रश्नार्थक आहेत आणि ‘मान्य आहे, पण’ हे शब्द कुठेही नाहीत, ते याचसाठी. अर्थात स्वीकार पोहोचेपर्यंत कंपनी स्वतःहून प्रस्ताव मागे घेऊ शकते, म्हणून उत्तराची दिलेली मुदत उलटू देऊ नये. ती उलटणार असं दिसलं, तर आदल्या दिवशी दोन दिवसांची वाढ लेखी मागून घ्यावी.

तारीख कशी मागावी?

पगाराच्या मागणीला कंपनी वाटाघाट समजते. तारखेच्या मागणीकडे मात्र ती संशयाने पाहते, कारण नोटीस पीरियडच्या त्या तीन महिन्यांत उमेदवार दुसरी ऑफर घेऊन गायब होतो, हा अनुभव प्रत्येक एचआरने घेतलेला असतो. त्यामुळे ‘थोडा वेळ हवाय’ हे वाक्य त्यांच्या कानाला धोक्याचं वाटतं. उपाय एकच: तारखेचा हिशेब उघड मांडणं. राजीनामा कधी, शेवटचा दिवस कधी, रुजू कधी. आपल्या उदाहरणात तो हिशेब कंपनीच्या सुधारित पत्राला जोडलेला आहे. पत्र चार दिवस उशिरा आलं, तर १५ जून ही तारीखही पुढे जाईल, हे दोघांनाही दिसतं.

‘आधी रुजू व्हा, जुन्या कंपनीचं नंतर बघू’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. रिलिव्हिंग लेटर मिळत नाही, आणि दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकाच यूएएन क्रमांकाखाली पीएफच्या नोंदीत दिसतात. त्या एकमेकींवर चढल्या की पुढच्या प्रत्येक पार्श्वभूमी तपासणीत स्पष्टीकरण द्यावं लागतं.

चाकणच्या कंपनीचं उत्तर दोन दिवसांत, बुधवारी, फोनवर आलं. फिक्स्ड ११ लाख ३० हजार करू, वर ६० हजार जॉइनिंग बोनस देऊ. तारीख मात्र १ जून हवी, राहिलेल्या दिवसांचं बायआउट आम्ही भरू. कंपनीने ८० हजारांची मागणी पूर्ण न करता ५० हजार आणि बोनस असं का केलं? दरवर्षीचा पगार वाढवला की त्याच पदावरच्या जुन्या माणसांशी तुलना होते. बोनस एकदाच द्यायचा असतो, त्यामुळे पगाराची चौकट मोडत नाही. पगारावर गाडी अडली की म्हणूनच बोनसचा रस्ता अनेकदा मोकळा असतो. पण त्याला अट असते: वर्षभरात नोकरी सोडली तर तो परत करायचा. अट किती महिन्यांची आहे आणि परतफेड कर कापण्याआधीच्या रकमेची आहे की नंतरच्या, हे वाचूनच सही करावी.

१ जूनचा प्रश्न नाजूक होता. १० जूनऐवजी २९ मेला सुटायचं म्हणजे नोटीसचे बारा दिवस विकत घ्यायचे. तिच्या एकूण पगाराच्या हिशेबाने ते सुमारे तीस हजार होतात. पैसे नवी कंपनी भरेल, पण नोटीस कमी करायची की नाही हे बहुतेक नेमणूकपत्रांत जुन्या कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलं असतं. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. म्हणून फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात तिने मेल केला:

> आजच्या बोलण्याप्रमाणे मला समजलेलं असं: फिक्स्ड ११ लाख ३० हजार, व्हेरिएबल १ लाख २० हजार, जॉइनिंग बोनस ६० हजार आणि बायआउटची भरपाई. हे मला मान्य आहे. राजीनाम्यासोबतच मी नोटीस कमी करण्याची विनंती करेन. ती मान्य झाली तर १ जूनला, नाही झाली तर १५ जूनला रुजू होईन. या दोन्ही तारखांसह आणि भरपाईच्या उल्लेखासह सुधारित पत्र मिळावं, ही विनंती.

फोननंतरचा हा मेल पुष्कळजण लिहीत नाहीत आणि नंतर पस्तावतात. ‘सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेऊ’, ‘बायआउट देऊन टाकू’ ही वाक्यं बोलणारी व्यक्ती तुम्ही रुजू होईपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेली असू शकते. पत्रात जे आहे तेच मिळतं. एवढी देवाणघेवाण झाल्यावर तिसऱ्यांदा काही मागू नये. ‘हे शक्य नाही’ असं स्पष्ट उत्तर आलं असतं, तरी ‘समजलं, आभार’ म्हणून आहे ती ऑफर घ्यायची की सोडायची, एवढंच ठरवायचं उरलं असतं.

काही ठिकाणी हे सगळं चालत नाही, तेही सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या कॅम्पसमधून एकाच वेळी घेतलेल्या पन्नास मुलांचा पगार सारखाच असतो. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी ठरलेली असते. तिथे पगाराचा मेल लिहून उपयोग नाही. रुजू होण्याची मुदत मात्र दोन्हीकडे कारण आणि पुरावा देऊन मागता येते, उदाहरणार्थ अंतिम परीक्षेची तारीख किंवा आजारपणाचा दाखला.

तुमच्या हातात आज एखादं ऑफर लेटर असेल, तर आधी महिन्याचा हिशेब काढा, मग एकच मेल लिहा आणि त्यात जे हवं ते प्रश्न म्हणून विचारा. उत्तर होकाराचं आलं, तरी सुधारित पत्र वाचून त्यावर सही झाल्याशिवाय जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नका.